स्कॅनरसाठीचे पत्र आणि मोजणीतील चुकांचा वर्षभराचा हिशेब

आमच्या गोदामाला हँडहेल्ड स्कॅनर मिळावेत ही मागणी व्यवस्थापनाकडे पूर्वीही गेली होती आणि प्रत्येक वेळी एकाच शेऱ्यासह परत आली होती. वार्षिक साठामोजणीत निघणारी तफावत साठ्याच्या एकूण मूल्याच्या मानाने नगण्य आहे, म्हणून हा खर्च करण्याचे कारण दिसत नाही, असा तो शेरा होता. गोदाम व्यवस्थापक या नात्याने मी नवे पत्र लिहायला घेतले तेव्हा आधी या शेऱ्याला उत्तर देणे भाग होते. त्यातला आकडा लेखा विभागाने बरोबरच काढला होता. मात्र त्या आकड्यातून आमच्या चुका दिसत नव्हत्या, आणि हे दाखवून दिल्याखेरीज पुढचे काहीही वाचले जाणार नव्हते.

वार्षिक तफावत काढताना कमी भरलेला माल वजा धरतात, जास्त भरलेला अधिक धरतात आणि दोहोंची बेरीज करतात. एकाच वस्तूचे दोन आकार शेजारच्या कप्प्यांत असतील आणि वर्षभरात लहान आकाराच्या जागी मोठ्या आकाराचे ४० नग चुकून गेले असतील, तर मोजणीत मोठा आकार ४० ने कमी आणि लहान ४० ने जास्त निघतो. दोन्हींची किंमत जवळपास सारखी असेल तर बेरीज शून्याच्या आसपास येते. ताळेबंदाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, पण गोदामाच्या दृष्टीने ग्राहकांकडे चुकीच्या आकाराचे ४० नग गेलेले असतात. म्हणून पत्राच्या सुरुवातीला मी मागच्या मोजणीचाच तक्ता जोडला आणि त्यात अधिक-वजा चिन्हे काढून सगळ्या फरकांची सरळ बेरीज केली. ती शेऱ्यातल्या आकड्याच्या कितीतरी पट होती. त्याखाली हेही स्पष्ट लिहिले की ही बेरीज म्हणजे नुकसानीची रक्कम नव्हे. तिच्यावरून नोंद आणि प्रत्यक्ष साठा किती ठिकाणी जुळत नाही एवढेच कळते. नुकसान किती, याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

तो हिशेब करण्यासाठी एका तिमाहीची चूक-नोंदवही ठेवली. नोंद आणि माल जुळला नाही की त्याच वेळी, त्याच जागी एक ओळ लिहायची: कोणती वस्तू, कोणता कप्पा, नोंदीत किती, हातात किती, आणि तो प्रश्न सुटेपर्यंत कोणाचा किती वेळ गेला. चूक कोणी केली हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. तो ठेवला असता तर नोंदी आल्याच नसत्या, आणि मला नावांपेक्षा कारणे हवी होती.

कारण शोधण्याच्या कामात फरकाचा आकडाच पुष्कळदा मदत करतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर नोंद करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता आधी तपासावी. ६३ च्या जागी ३६ लिहिले की फरक २७ येतो. माल २४ नगांच्या खोक्यात येत असेल आणि फरकाला २३ ने भाग जात असेल, तर खोक्यांची संख्या नग म्हणून चढलेली असू शकते, कारण ५ खोकी म्हणजे १२० नग असताना नोंद ५ नगांची झाली की ११५ चा फरक पडतो. एका कप्प्यात कमी आणि शेजारच्यात तितकेच जास्त असेल तर माल चुकीच्या जागी ठेवला गेला किंवा उचलला गेला असावा. हा केवळ तर्क असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी मूळ कागद काढून खात्री करून घेतली. तरीही या खुणांमुळे वर्गीकरण बरेच लवकर झाले.

त्या तिमाहीत जावक मालाच्या, म्हणजे ऑर्डरमधल्या एकेका वस्तूच्या, २४,००० ओळी झाल्या आणि वहीत २४० नोंदी आल्या, म्हणजे शंभर ओळींमागे एक. वर्षाचा अंदाज काढताना २४० ला चारने गुणणे सोपे होते, पण सर्व तिमाहींत काम सारखे नसते. म्हणून चुकांचे प्रमाण वर्षाच्या १,००,००० ओळींना लावले आणि वर्षाच्या १,००० चुका धरल्या. त्यांपैकी २५० वेळा चुकीचा माल ग्राहकाकडे गेलेला, ४०० वेळा माल नोंदीतल्या जागी न सापडलेला, २२५ वेळा संख्येची नोंद चुकलेली, आणि १२५ वेळा पुरवठादाराकडूनच कमी आलेला, फुटलेला किंवा कारण न कळता नाहीसा झालेला माल, अशी विभागणी झाली.

पुढचा टप्पा सर्वांत नाजूक होता, कारण वेळेचे पैशात रूपांतर गोदामाने स्वतः केले की त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी फक्त तास दिले आणि तासाचा दर लावण्याची विनंती लेखा विभागाला केली; वाहतुकीचा खर्चही त्यांच्याच बिलांतून काढून घेतला. पत्रात शेवटी रकमा होत्या, परंतु येथे मी सगळे मजुरीच्या तासांतच मांडते, म्हणजे कोणालाही आपापला दर लावून पाहता येईल.

पत्राचा मधला भाग असा होता:

«महोदय, चुकीचा माल गेल्यास तक्रार नोंदवणे, योग्य माल पुन्हा काढणे, परत आलेला माल तपासून जागेवर ठेवणे आणि कागदपत्रे दुरुस्त करणे यांत सरासरी ३ तास जातात, आणि दोन्ही बाजूंच्या वाहतुकीचा खर्च आणखी ४ तासांच्या मजुरीइतका होतो. अशा २५० प्रसंगांचे वर्षाला १,७५० तास होतात. जागेवर न सापडलेला माल शोधण्यात दोघांचा मिळून दीड तास जातो. ४०० प्रसंगांचे ६०० तास होतात. चुकलेल्या संख्येची फेरमोजणी व दुरुस्ती करण्यास २ तास लागतात. २२५ प्रसंगांचे ४५० तास होतात. उरलेल्या १२५ प्रसंगांवर २५० तास जातात. एकूण खर्च ३,०५० तासांचा आहे. मात्र शेवटचे २५० तास स्कॅनरमुळे वाचणार नाहीत, म्हणून ते पुढील हिशेबातून वगळले आहेत.»

हे शेवटचे वाक्य माझ्या मते संपूर्ण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते. बंद खोक्यात पुरवठादाराने दोन नग कमी भरले असतील तर खोक्यावरचा बारकोड वाचून ते कळत नाही. फुटलेला माल आणि चोरी यांनाही तेच लागू आहे. शिवाय स्कॅनर वस्तू ओळखतो, ती मोजत नाही. एक नग स्कॅन करून संख्या हाताने १२ अशी टाकली तर हातात खरोखर ११ आहेत की १२ हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे उरलेल्या तीन प्रकारांतही सगळी बचत धरणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. वहीतली एकेक नोंद घेऊन, उचलताना किंवा ठेवताना कप्पा आणि वस्तू या दोन्हींचे बारकोड वाचले गेले असते तर ही चूक तिथेच अडली असती का, असा प्रश्न विचारला. चुकीच्या मालाच्या प्रसंगांत पाचांपैकी चार, जागेवर न सापडण्याच्या प्रसंगांत चारांपैकी तीन आणि संख्येच्या चुकांत तीनांपैकी दोन अडल्या असत्या, असे उत्तर आले. त्याप्रमाणे १,४००, ४५० आणि ३०० मिळून वर्षाला २,१५० तासांची बचत होते.

माल न मिळाल्यामुळे हातची गेलेली विक्री आणि नोंदीवर भरवसा नसल्यामुळे जास्तीचा ठेवलेला साठा या दोन गोष्टींचा खर्चही खरा आहे, कदाचित वरच्या सगळ्यापेक्षा मोठाही असेल. पण तो सिद्ध करणारा कागद माझ्याजवळ नव्हता. त्यांचा केवळ उल्लेख केला, आकडा दिला नाही, कारण एका संशयास्पद आकड्यामुळे चांगल्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

खर्चाच्या बाजूला फक्त यंत्रांची किंमत लिहिणे पुरेसे नसते. जादा बॅटऱ्या, चार्जिंगचे स्टँड, दुरुस्तीच्या काळात वापरायचे एक-दोन सुटे स्कॅनर, प्रत्येक कप्प्याला लेबल, ज्या वस्तूंवर बारकोड नाही त्यांच्यासाठी लेबल प्रिंटर, सॉफ्टवेअरचा परवाना, प्रशिक्षणाचे तास आणि वायफाय हे सर्व त्यात येते. वायफायची चाचणी रॅक मालाने भरलेले असताना करावी, कारण लोखंडी रॅक आणि विशेषतः द्रवपदार्थांनी भरलेली खोकी सिग्नल अडवतात आणि रिकाम्या गोदामात उत्तम चाललेली जोडणी भरलेल्या गल्लीत तुटते. हे सगळे धरून सुरुवातीचा खर्च ३,२०० तासांच्या मजुरीइतका आणि दरवर्षीचा ६०० तासांइतका आला. स्कॅनरचे आयुष्य चार वर्षे मानले तर वर्षाला १,४०० तास पडतात, आणि गुंतवणूक सुमारे २५ महिन्यांत वसूल होते. बचत अंदाजापेक्षा ३० टक्क्यांनी कमी निघाली तरी ती वार्षिक खर्चाच्या किंचित वर राहते, हेही शेवटी लिहिले.

बैठकीत स्कॅनरविषयी फारसे विचारले गेले नाही. वाचलेल्या तासांमुळे पगाराचा खर्च प्रत्यक्षात कमी होणार आहे का, हा लेखाप्रमुखांचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. कोणाची नोकरी कमी होणार नव्हती, आणि व्हावी असे मला वाटतही नव्हते. पण दर महिन्याला जादा कामाचा जो भत्ता दिला जात होता, त्यातला मोठा भाग शोधाशोध आणि फेरमोजणीचाच होता, हे त्या वहीतल्या वेळांवरून दाखवता आले. वाहतुकीची बिले तर थेट कमी होणारच होती. ज्या तासांची रोख बचत होणार नाही त्यांत ठरलेल्या वेळापत्रकाने कप्प्यांची फिरती मोजणी करता येईल, असे मी सांगितले आणि ते तास त्यांनी वेगळ्या रकान्यात घातले.

मंजुरी मिळाली ती एका विभागापुरती, आणि चूक-नोंदवही त्याच पद्धतीने चालू ठेवण्याच्या अटीवर. ही अट मला आवडली. त्या विभागात माल जागेवर न सापडण्याच्या नोंदी सर्वांत आधी आणि अपेक्षेपेक्षा अधिक घटल्या. संख्येच्या चुका मात्र तितक्या उतरल्या नाहीत. शोध घेतल्यावर दिसले की खोक्यावर १४ अंकी आणि नगावर १३ अंकी असे वेगळे क्रमांक असूनही, आमच्या वस्तूंच्या मूळ यादीत अनेक खोक्यांपुढे त्यात किती नग असतात हेच भरलेले नव्हते, त्यामुळे स्कॅनर खोके ओळखूनही एकच नग चढवत होता. ती यादी आता वस्तूनिहाय पूर्ण करत आहोत. उरलेल्या विभागांसाठीच्या प्रस्तावात या कामाचे तास मी खर्चाच्या बाजूला जोडले आहेत.