तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशातल्या सरांचं पत्र मराठीत आणताना

"शिफारसपत्र आपल्याच मुलीचं आहे, मग मराठीत करताना स्तुती जराशी वाढवली तर काय बिघडतं?"

बिघडतं, आणि ते मुलीचंच. मी पणजीत पोर्तुगीजवरून भाषांतरं करते, बहुतेक जुन्या जन्मनोंदी आणि जमिनीचे कागद, पण मधूनमधून अशी शिफारसपत्रंही येतात. परवाचंच घ्या, फोंड्याची एक मुलगी पोर्तुगालात एक सेमिस्टर शिकून आली, तिथल्या सरांनी दिलेल्या पत्राचा फोटो तिच्या बाबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला, इथल्या एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपसाठी मराठीत हवं होतं.

पहिली अडचण फोटोचीच. कागद घडीवर दुमडलेला, वर मोबाईलची सावली, आणि पोर्तुगीजमध्ये अक्षरावरची बारीक खूण गेली की अर्थच जातो, "ए"वर खूण असली तर "आहे", नसली तर "आणि". त्यात मार्क हाताने लिहिलेले. तिकडे एकच्या डोक्यावरची तिरकी रेघ इतकी लांब काढतात की आपल्याला तो सातच वाटतो, आणि खऱ्या सातला बहुतेक जण मध्ये आडवी रेघ देतात. म्हणजे आकडा 11 की 17, हे त्या आडव्या रेघेवर ठरणार. मी अंदाज करत नाही, उजेडात सरळ वरून, चारही कोपरे दिसतील असा दुसरा फोटो मागवला. रेघ होती, 17. तरीही काही वाचता आलं नसतं तर तिथे "अवाच्य" असंच लिहिलं असतं.

हे 17 म्हणजे 20 पैकी. बाबा म्हणाले सरळ 85 टक्के लिहा. नाही लिहिलं, कारण तिथे 10 ला पास आणि 16-17 म्हणजे "खूप चांगला" हा शेरा, 18 पासून वर "उत्कृष्ट". आपल्याकडे 85 टक्के बघून कोणी तसं काही समजणार नाही. म्हणून "20 पैकी 17" तसंच ठेवलं आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून ही श्रेणी दिली.

आता मुख्य गोष्ट. पत्रात सर म्हणतात, एका सेमिस्टरमध्ये "तांतु क्वांतु पुद ओब्सेर्वार", म्हणजे "मला जितकं पाहता आलं त्यावरून". बाबांना हे खटकलं, काढून टाका म्हणाले. मी ठेवलं. पुढे मुलगी "बाश्तांत" स्वतंत्रपणे काम करते असं आहे, हा शब्द "खूप"च्या एक पायरी खाली, म्हणून मी "बरीच" लिहिलं, "अत्यंत" नाही, आणि "बऱ्यापैकी"ही नाही, कारण त्याने कौतुक उलट पातळ होतं. मग "त्या वर्षीच्या वर्गातल्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनींपैकी एक". यातलं "त्या वर्षीच्या" गाळलं की सरांनी न केलेला दावा आपण त्यांच्या तोंडी घालतो. आणि "योग्य मार्गदर्शन मिळालं तर ती संशोधन करू शकेल असं मला वाटतं", इथली "तर" आणि "मला वाटतं" दोन्ही ठेवली.

पण शेवटचं वाक्य बघा. "सें रेझेर्वश", म्हणजे मनात कुठलाही किंतु न ठेवता शिफारस करतो. इथे सर पूर्ण ताकदीने बोलतायत, आणि नेमकं इथेच आपल्याकडचं सरकारी मराठी "सदर विद्यार्थिनीची शिफारस करण्यात येत आहे" असं करून सगळी धार घालवतं, माणूसच गायब होतो. मी लिहिलं, "म्हणून मनात कोणताही किंतु न ठेवता मी तिची शिफारस करतो." जो माणूस आधी प्रामाणिकपणे सांगतो की मी फक्त एक सेमिस्टर पाहिलं, त्याच्या या वाक्याला वजन येतं. वरची सगळी वाक्यं फुगवली असती तर हे वाक्य त्या गर्दीत एक झालं असतं, मला तरी हे अगदी स्पष्ट दिसतं.

उलट, सुरुवातीचं भारदस्त संबोधन आणि शेवटचं अभिवादन ही तिथली पत्राची रीत, स्तुती नव्हे. ती "माननीय महोदय" आणि "आपला" इतक्यावर आटोपायची.

अर्जाला मूळ फोटोची प्रत जोडलेली असते, आणि गोव्यात पोर्तुगीज वाचणारी जुनी माणसं अजून आहेत, कमिटीत एखादे निघाले तर दोन्ही शेजारी ठेवून वाचतील. मी स्वतः पाठवण्याआधी म्हापशाच्या एका ताईंना फक्त माझं मराठी देते, मूळ दाखवत नाही, आणि ते पोर्तुगीजमध्ये तोंडी सांगायला लावते. "बरीच"च्या जागी त्यांच्या तोंडून "मुयतु" आलं, म्हणजे "खूप", तर शब्द जड झालाय, तो बदलायचा. या पत्राला "बाश्तांत"च आलं.

खाली एक ओळ टाकते, "मूळ पत्राच्या फोटोवरून केलेलं भाषांतर, मूळ कागद पाहिलेला नाही." ट्रस्टला मूळ कागद बघायचा असेल तर ते मागतील, म्हणून तो फाईलमध्ये जपून ठेवा, लॅमिनेट करू नका.