‘लो’ची नोंद: ‘जुनं’ एकदाचं सुटलं

मागच्या नोंदीत मराठीत आणताना अडकलेलं स्पॅनिश वाक्य सुटलं! ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी पुन्हा देतो: ‘मे गुस्ता ला कासा नुएबा, पेरो एचो दे मेनोस लो बिएखो.’ नवं घर आवडतं, पण ‘लो बिएखो’ आठवतं. ‘बिएखो’ म्हणजे जुना, आणि ‘लो’ हे विशेषणाआधी येणारं स्पॅनिशचं नपुंसकलिंगी उपपद.

आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, त्यामुळे ‘लो बुएनो’ला ‘चांगलं ते’ आयतं सापडतं. स्पॅनिश-इंग्रजी कोशाच्या वाटेने गेलं की मात्र हटकून ‘चांगली गोष्ट’ हाती लागते. नसलेलं नाम आत शिरतं, तेही स्त्रीलिंगी. म्हणून मी तरी थेट रेआल आकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा स्पॅनिश-स्पॅनिश कोशच उघडतो.

या वाक्यात मात्र आपलं नपुंसकलिंगच आडवं आलं. स्पॅनिशमध्ये एकही नाम नपुंसकलिंगी नाही, त्यामुळे ‘लो बिएखो’ म्हटल्यावर ते कुठल्याच नामाला चिकटत नाही. जुनं घर म्हणायचं असतं तर ‘कासा’ स्त्रीलिंगी म्हणून ‘ला बिएखा’ आलं असतं. मराठीत ‘घर’ नपुंसकलिंगी. ‘नवं घर आवडतं, पण जुनं आठवतं’ असं लिहिलं की वाचणारा जुनं घरच समजणार. ‘जुनं ते सगळं’ केलं तरी अख्खं घर डोळ्यांपुढे येतं. ‘जुने दिवस’ म्हणावं, तर मुळात दिवस कुठे आहेत? माणसं, सवयी, वास, काहीही असू शकतं, आणि ते मोकळं ठेवणं हेच ‘लो’चं काम.

शेवटी जमलं ते असं: ‘नवं घर मला आवडतं, पण जुनं काय काय आठवत राहतं.’ ‘काय काय’ आलं की एकटं घर बाद होतं, आणि नामही घालावं लागत नाही. फार आनंद झाला.

आता कुठलंही वाक्य घेतलं की आधी जवळपास मराठी नपुंसकलिंगी नाम आहे का ते बघतो. नसेल तर साधं ‘जुनं ते’ पुरतं.

‘लो के’ म्हणजे ढोबळमानाने ‘जे’. त्याचा तक्ता करणार होतो, तो रद्द. ‘आस लो के किएरास’ म्हणजे ‘हवं ते कर’. ‘जे-ते’ची जोडी दर वेळी पुरी मांडायची गरज नाही. ‘येगो तार्दे, लो के मे मोलेस्तो’मध्ये ‘लो के’ आधीच्या सगळ्या वाक्याकडे बोट दाखवतं, तिथे ‘जे’ नकोच: ‘तो उशिरा आला, याचा मला राग आला.’

त्यापेक्षा पुढच्या वेळी ‘नो साबेस लो कान्सादा के एस्तोय’ घेतो. ‘मी किती दमलेय, तुला कल्पना नाही.’ इथे ‘लो’ नपुंसकलिंगी, तरी विशेषण बोलणारीप्रमाणे स्त्रीलिंगी! मराठीत ‘लो’च्या जागी ‘किती’ येतं आणि स्त्रीलिंग ‘दमलेय’मध्ये जाऊन बसतं. पण ‘लो बिएन के कांता’मध्ये विशेषणच नाही, क्रियाविशेषण आहे. ‘किती छान गाते’ की ‘किती छान गातो’, हे त्या एवढ्याशा तुकड्यावरून ठरत नाही. मराठीत मात्र काहीतरी ठरवावंच लागतं. आधी तेच घेऊन बसतो.