एक्स-अक्षावर भेटलेल्या दोन रेषा

एमएस्सीच्या प्रकल्पाचा अहवाल तपासायला आला होता. एन्झाइम विद्युत-मत्स्याचं अॅसिटाइलकोलिनएस्टरेज, इन्हिबिटर दोन : एड्रोफोनियम आणि फायसोस्टिग्मिन. एलमनची पद्धत, म्हणजे अॅसिटाइलथायोकोलिन तुटलं की सुटणारा थायोल डीटीएनबीशी जुळून पिवळा रंग देतो आणि ४१२ नॅनोमीटरवर तो वाढताना दिसतो. पीएच ८, फॉस्फेट बफर. सगळं शिस्तीत होतं, आलेखही सुरेख. फायसोस्टिग्मिनच्या आलेखाखाली मात्र निष्कर्ष होता : ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह, इन्हिबिटर सक्रिय स्थानापासून वेगळ्या ठिकाणी बसतो.’ फायसोस्टिग्मिन सक्रिय स्थानातल्या सेरीनवरच हल्ला करतं, हे औषधशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात आहे. मग आलेख खोटं बोलत होता का?

नव्हता. आकडेच पाहा. सबस्ट्रेट, म्हणजे अॅसिटाइलथायोकोलिन, ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.५ मिलिमोलर घेतलं होतं. याहून फार वर न जाण्याचं भान त्या मुलीने राखलं होतं, कारण हे एन्झाइम जास्त सबस्ट्रेटने स्वतःच मंदावतं आणि रेषेचं डावं टोक वर वळतं. इन्हिबिटर नसताना वेग मिनिटाला ०.०६७, ०.१००, ०.१३३ आणि ०.१६७ शोषणांक. दोन्हींचे व्यस्त घेतले की 1/[S] साठी २०, १०, ५, २ आणि 1/v साठी १५, १०, ७.५, ६. हे बिंदू एका रेषेत बसतात : वाय-अक्षावर छेद ५, चढ ०.५. म्हणजे कमाल वेग Vmax = १/५ = ०.२०. रेषा डावीकडे वाढवली की एक्स-अक्षाला उणे १० वर छेदते, म्हणून Km, म्हणजे निम्मा कमाल वेग देणारी सबस्ट्रेटची मात्रा, = ०.१ मिलिमोलर.

एड्रोफोनियम घातल्यावर 1/v झाले २५, १५, १०, ७. चढ दुप्पट, पण वाय-अक्षावरचा छेद पुन्हा ५. सबस्ट्रेट भरपूर वाढवलं (आलेखात उजवीकडून डावीकडे, वाय-अक्षाकडे सरकलं) की इन्हिबिटर हटतो आणि पूर्ण वेग परत मिळतो. Km दिसायला दुप्पट, Vmax तोच. हा कॉम्पिटिटिव्ह, यात वाद नाही.

फायसोस्टिग्मिनचे आकडे ३०, २०, १५, १२. चढ दुप्पट, वाय-छेदही दुप्पट म्हणजे १०, आणि दोन्ही रेषा एक्स-अक्षावर त्याच उणे १० ला भेटल्या. पाठ्यपुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. माझं लक्ष वेधलं ते या अचूकपणाने. एकाच सबस्ट्रेटच्या एन्झाइमवर खरोखरचा, परत सुटणारा आणि अगदी शुद्ध नॉन-कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटर क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा रेषा अक्षाच्या जरा वर किंवा खाली भेटतात आणि त्याला मिश्र म्हणावं लागतं. नेमकं अक्षावर भेटणं म्हणजे Km जराही हललेला नाही, फक्त Vmax अर्धा झाला. असं व्हायला दुसरा, फार साधा मार्ग आहे : नळीतलं निम्मं एन्झाइम मेलेलं असणं. उरलेलं निम्मं नेहमीसारखंच काम करतं, म्हणून त्याचा Km तोच.

मग पद्धतीचं पान उलटलं. फायसोस्टिग्मिन एन्झाइमबरोबर १५ मिनिटं ठेवून मग सबस्ट्रेट घातलं होतं, एड्रोफोनियम सबस्ट्रेटबरोबरच. फायसोस्टिग्मिन हे कार्बामेट, आणि एवढ्या वेळात ते सेरीनला सहसंयुज बंधाने चिकटून निम्मं एन्झाइम निकामी करून बसलं होतं. नंतर घातलेलं सबस्ट्रेट त्याला हटवणार कसं? जागेसाठी स्पर्धा झाली खरी, पण सबस्ट्रेट मैदानात येण्याआधीच.

प्रकल्पाच्या दुसऱ्या मार्गदर्शकांनी सुचवलेली तपासणी अशी : इन्हिबिटर तेवढाच ठेवून एन्झाइम १०, २०, ३०, ४० मायक्रोलिटर घ्या आणि वेग काढा. परत सुटणारा इन्हिबिटर असेल तर रेषा शून्यातूनच निघते, फक्त कमी चढाची. कायमचा चिकटणारा असेल तर मूळ रेषेला समांतर सरकते. पुस्तकात असंच आहे, पण एक अट गाळली जाते. समांतर रेषा तेव्हाच मिळते, जेव्हा इन्हिबिटरचे रेणू एन्झाइमच्या रेणूंशी मोजून जुळतात आणि संपतात. इथे इन्हिबिटर दोन आकडी नॅनोमोलर आणि एन्झाइम त्याहून कितीतरी कमी. १५ मिनिटांत दर वेळी निम्मंच मरतं, एन्झाइम कितीही घ्या. रेषा शून्यातूनच निघाली, अर्ध्या चढाने, आणि ‘पाहा, नॉन-कॉम्पिटिटिव्ह’ हा शेरा आणखी पक्का झाला. चुकीच्या निष्कर्षाला चुकीच्या जागी वापरलेल्या चाचणीचा दुजोरा मिळाला की तो खोडणं फार जड जातं. मार्गदर्शकांशी बोलताना तेच झालं.

निकाल लावणाऱ्या चाचण्या दोन, आणि दोन्ही एका दुपारच्या. पहिली वेळेची. एन्झाइम आणि इन्हिबिटर एकत्र करून ०, ५, १०, २० मिनिटांनी थोडं मिश्रण काढायचं आणि उरलेला वेग मोजायचा. इथे उरलेल्या वेगाचा लॉगरिदम वेळेबरोबर सरळ खाली गेला. झटपट बसणारा-सुटणारा इन्हिबिटर मिसळताक्षणीच आपला परिणाम दाखवतो आणि तिथेच थांबतो.

दुसरी विरलीकरणाची. मिश्रणात एन्झाइम नेहमीच्या १०० पट घट्ट घ्यायचं, १५ मिनिटं ठेवायचं, मग त्यातला १० मायक्रोलिटर सबस्ट्रेट असलेल्या १ मिलिलिटरमध्ये टाकायचा. इन्हिबिटर १०० पटींनी पातळ झाला, तेव्हा सुटणारा असता तर वेग जवळजवळ पूर्ण यायला हवा. निम्माच आला. कार्बामेट पुढे हळूहळू सुटतं, पण दोन मिनिटांच्या वाचनात ते दिसत नाही.

मात्र स्थान कुठलं, हे यातूनही कळत नाही. त्यासाठी इन्हिबिटर दसपट करून सबस्ट्रेटबरोबरच घालायचा आणि पाच मिनिटं शोषणांकाची वक्ररेषा पाहायची. सुरुवातीचा चढ इन्हिबिटरविना असतो तेवढाच, मग ती हळूहळू वाकते. ०.०५ मिलिमोलर सबस्ट्रेटला लवकर वाकली, ०.५ ला पुष्कळ उशिरा. सबस्ट्रेट जागा अडवून धरतं आणि कार्बामेटचा वेग 1 + [S]/Km ने भागला जातो : एकीकडे १.५, दुसरीकडे ६, म्हणजे चौपट फरक. सक्रिय स्थानावरच्या स्पर्धेचा पुरावा हा, आणि दुहेरी व्यस्त आलेखात तो कुठेच उमटत नाही.

यात एक खाच आहे. ०.०५ मिलिमोलर सबस्ट्रेट पूर्ण संपलं तरी शोषणांक ०.७ च्या आसपासच जातो. नेहमीच्या एन्झाइमने पाच मिनिटांत त्यातला मोठा वाटा संपतो आणि रेषा इन्हिबिटरशिवायच वाकते. म्हणून एन्झाइम चौथाई करून, इन्हिबिटरविना तीच वक्ररेषा शेजारी काढावी लागते. ती सरळ निघाली तरच पहिलीच्या वाकण्याला अर्थ.

अहवालातला आलेख आम्ही तसाच ठेवला. खालचं वाक्य बदलून लिहिलं : ‘१५ मिनिटांच्या पूर्व-संपर्कानंतर सक्रिय एन्झाइम निम्मं, Km अबाधित.’ मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी आलेख पाहून विचारलंच, “हा नॉन-कॉम्पिटिटिव्ह ना?” मुलीने विरलीकरणाचं पान उघडून पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि गुणपत्रिकेवरच्या ‘इन्हिबिशनचा प्रकार’ या रकान्यात काय लिहायचं, ते मला विचारलं. तिथे पर्याय दोनच छापलेले होते.