वीज परत आल्यानंतरची तीन मिनिटे

अकोल्यात आमच्या आईबाबांच्या घरी दीड टनाचा, जुन्या पद्धतीचा विंडो एसी आहे. त्याला रिमोट नाही. एक बटण फॅन आणि कूलिंगसाठी फिरवायचे आणि दुसरे थर्मोस्टॅटचे, एवढाच त्याचा कारभार. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना तो दिवसाचे दहा-बारा तास चालतो. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे असताना एका संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि वीज गेली. वीस-एक सेकंदांत ती परत आली, लगेच पुन्हा गेली, मिनिटभराने आली आणि पुन्हा गेली. एसीचे बटण आम्ही कूलिंगवरच ठेवलेले होते. वीज येताच एसी आपोआप सुरू होईल, मुद्दाम उठायचे कशाला, असाच आमचा समज होता.

तिसऱ्यांदा वीज आली तेव्हा खोलीतला दिवा मंद झाला. एसीतून पंख्याचा नेहमीचा आवाज आला, पण त्याखाली एक जड, दबलेली घरघर ऐकू येत होती. आठ-दहा सेकंदांनी टक असा आवाज झाला, घरघर थांबली आणि दिवा पुन्हा उजळला. काही मिनिटांनी पुन्हा तेच झाले. मी बटण बंद करून लगेच चालू केले. हे मी तीनदा केले, आणि आज सांगते की त्या रात्री यंत्राला सर्वांत जास्त त्रास माझ्या या तीन प्रयत्नांनीच झाला असावा. त्यानंतर पंखा चालू राहिला, हवा मात्र गार होईना.

सकाळी ओळखीचे एक मेकॅनिक आले. तीस वर्षे हेच काम करणारे हे गृहस्थ प्रत्येक पायरी बोलून दाखवत होते, म्हणून मला सगळे नीट समजले. त्यांनी आधी प्लगपाशी व्होल्टेज मोजले, ते २३१ होते, म्हणजे त्या वेळी पुरवठा ठीक होता. मग कॉम्प्रेसरच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावून एसी सुरू केला. आकडा ३८ अँपिअरवर गेला आणि तिथेच थांबला. हा कॉम्प्रेसर सुरळीत चालतो तेव्हा साधारण ८ अँपिअर घेतो. आठ सेकंदांनी तीच टक झाली आणि आकडा शून्यावर आला.

“ताई, हा आवाज ओव्हरलोडचा,” ते म्हणाले. ओव्हरलोड म्हणजे कॉम्प्रेसरच्या अंगावर बसवलेली, दोन धातूंची एक छोटी पट्टी. विद्युत प्रवाह फार वाढला किंवा कॉम्प्रेसर फार तापला की ती वाकते आणि सर्किट तोडते. गार झाली की पुन्हा सरळ होऊन सर्किट जोडते, म्हणूनच आम्हाला काही मिनिटांनी तीच घरघर पुन्हा ऐकू येत होती. घरातला एमसीबी का पडला नाही, हे मी विचारले. आमचा एमसीबी २० अँपिअरचा आहे. त्याच्यावर दुप्पट प्रवाह काही सेकंदच वाहिला, तर तो लगेच पडत नाही, कारण मोटर सुरू होतानाचा क्षणिक जोर सहन करण्यासाठीच तो बनवलेला असतो. तो वायरिंगचे रक्षण करतो. अडकलेल्या कॉम्प्रेसरचे रक्षण त्या छोट्या पट्टीवरच सोपवलेले असते, आणि तीही वारंवार तापून-वाकून कधी तरी थकते.

कॉम्प्रेसरची मोटर मुळात का अडकते, हे त्यांनी एसी दुरुस्त झाल्यावर मला ऐकवूनच सांगितले, पण क्रम राखण्यासाठी दुरुस्ती आधी लिहिते. वीज बंद करून त्यांनी कॅपॅसिटरच्या टोकांमधला साठलेला भार आधी उतरवला. एसी बंद असला तरी कॅपॅसिटर झटका देऊ शकतो, त्यामुळे झाकण उघडून हे काम घरच्या घरी करू नये. त्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेले होते, मीटरने ३१ दाखवले. एका फेजवर चालणाऱ्या या मोटरला सुरुवातीचे वळण देण्याचे काम कॅपॅसिटर करतो. तो अशक्त झाला की आधीच कमी असलेला सुरुवातीचा जोर आणखी घटतो. तो आधीपासून खराब होता, की त्या रात्रीच्या तापाने झाला, याचे खात्रीचे उत्तर त्यांनी दिले नाही, आणि मला ते प्रामाणिक वाटले. नंतर कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांमधला रोध त्यांनी मोजला आणि मेगर लावून मोटरमधल्या तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, व धातूचे कवच यांच्यामधले इन्सुलेशन शाबूत असल्याचे पाहिले. हा निकाल वेगळा आला असता, तर पुढचा खर्च कॉम्प्रेसर बदलण्याचा होता. सुदैवाने तो टळला.

नवा कॅपॅसिटर बसवूनही त्यांनी लगेच एसी सुरू केला नाही. कवचावर हात ठेवून पाहिला, ते अजून गरम होते. चाळीस मिनिटे थांबल्यावर त्यांनी बटण फिरवले. क्लॅम्प मीटरचा आकडा क्षणभर उसळला आणि पापणी लवण्याच्या आत ७.८ वर स्थिरावला.

एसी पंधरा मिनिटे चालल्यावर त्यांनी कूलिंग बंद केले आणि मला जवळ बोलावून ऐकायला सांगितले. आतून बारीक सुर्र असा आवाज येत होता, मग तो हळूहळू मंदावला. घड्याळ पाहिले, तर तो पुरता विरायला अडीच मिनिटांच्या वर वेळ लागला होता. तो आवाज कॅपिलरीतून जाणाऱ्या गॅसचा होता. एसी चालू असताना कॉम्प्रेसर एका बाजूला गॅस दाबत असतो. आमच्या जुन्या यंत्रातल्या आर-२२ गॅसचा दाब अशा उन्हाळ्यात मागच्या गरम बाजूला साधारण ३०० पीएसआयच्या आसपास आणि गार बाजूला साधारण ७० असतो. दोन्ही बाजूंना जोडणारी वाट म्हणजे अगदी बारीक छिद्राची, तांब्याची लांब नळी, तीच कॅपिलरी. कॉम्प्रेसर थांबला की जास्त दाबाचा गॅस त्या नळीतून सावकाश पलीकडे जातो आणि काही मिनिटांनी दोन्ही दाब जवळजवळ सारखे होतात. तेव्हाच मोटरला हलके सुरू होता येते, कारण पहिल्याच फेरीत तिच्यापुढे दाबाची भिंत उभी नसते.

सुर्र चालू असतानाच वीज आली, तर मोटरला एवढ्या दाबाविरुद्ध पहिली फेरी घ्यावी लागते. तेवढा जोर तिच्याकडे नसतो. ती जागच्या जागी थरथरते आणि न फिरणारी मोटर चालू मोटरपेक्षा चार-पाच पट प्रवाह ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पाचपट प्रवाहाला वाइंडिंगमध्ये सुमारे पंचवीसपट उष्णता. चालू कॉम्प्रेसरमध्ये वाहता गॅस मोटरची उष्णता सोबत नेतो, अडकलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस वाहतच नाही, त्यामुळे ती आतच साठते. वाइंडिंगवरचा इन्सुलेशनचा थर असा थोडा थोडा करपत जातो. एखाद्या वेळी काही बिघडत नाही, पण त्याची नोंद वाइंडिंगमध्ये राहते.

आमच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली होती, ती दिवा मंद होण्यावरून कळते. वीज परत येते त्या क्षणी साऱ्या वस्तीतले फ्रीज, पंप आणि एसी एकदमच उठू पाहतात, म्हणून व्होल्टेज खाली ओढले जाते. आमच्या स्टॅबिलायझरच्या आकड्यावर मी त्या रात्री इनपुट १७८ पाहिले होते. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. २३० च्या जागी १७८ मिळाले, तर जोर जेमतेम ६० टक्के उरतो. दाब सर्वांत जास्त असताना जोर सर्वांत कमी, असा तो दुहेरी प्रसंग होता. आमचा जुना स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवत होता, पण थांबून जोडण्याची सोय त्यात नव्हती.

म्हणून कॉम्प्रेसरच्या वाटेवर, तीन मिनिटे थांबून मगच वीज जोडणारा टाइम डिले बसवायचे ठरले. तो कुठे बसवावा, यावर आमचे थोडे बोलणे झाले. साऱ्या एसीच्या आधी बसवला, तर पंखाही तीन मिनिटे थांबतो आणि विजेच्या येण्याजाण्यापासूनच तेवढे रक्षण मिळते. थर्मोस्टॅटनंतर, फक्त कॉम्प्रेसरच्या वायरीत बसवला, तर बटण कोणी घाईने बंद-चालू केले किंवा थर्मोस्टॅटने सर्किट वारंवार तोडले-जोडले, तरी प्रत्येक वेळी तीन मिनिटे पाळली जातात. आम्ही दुसरी जागा निवडली. मात्र या जागेवर सुरुवातीचा सारा प्रवाह टाइम डिलेमधल्या स्विचच्या, म्हणजे रिलेच्या, टोकांतून जातो, म्हणून मेकॅनिकांनी ३० अँपिअरच्या टोकांचाच रिले घेतला. साधे, कमी क्षमतेचे टायमर तिथे लावले, तर त्यांची टोके चिकटून बसतात आणि मग थांबणे राहतच नाही.

या दुसऱ्या जागेमागे बाबांची एक सवयही होती. खोली गार झाली की ते एसी बंद करत, उकडू लागले की दहा मिनिटांत पुन्हा सुरू करत, आणि त्यात त्यांना वीज वाचल्यासारखे वाटत असे. मेकॅनिकांनी त्यांना समजावले, “बाबा, तुम्ही बंद करता ते ठीक आहे. पण बंद केल्यावर दहाव्या सेकंदाला पुन्हा बटण फिरवू नका. आणि बंद-चालूचा खेळ तुम्ही थर्मोस्टॅटवर सोडा, त्यासाठीच तो आहे.” वारंवार थोडाच वेळ चालण्याचे आणखी एक नुकसान त्यांनी सांगितले. सुरू होताना कॉम्प्रेसरमधले थोडे तेल गॅसबरोबर नळ्यांत जाते आणि यंत्र काही वेळ सलग चालले, तरच ते परत येते. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत तेल जाते जास्त, येते कमी. पावसाळ्यात तर गार कॉइलवर पाणी साचून ठिबकू लागण्याआधीच एसी थांबतो, म्हणून खोली गार होऊनही दमटच राहते.

इन्व्हर्टर एसीची गोष्ट निराळी आहे. त्याचा कॉम्प्रेसर कमी वेगाने सुरू होऊन हळूहळू वाढतो आणि त्याच्या बोर्डात बहुधा थांबण्याची सोय आधीच असते. हल्लीच्या साध्या स्प्लिट एसीतही बहुतेक वेळा तीन मिनिटांचा विलंब बोर्डातच असतो. बटण दाबून लगेच गार हवा न येण्याचे कारण तेच, तो बिघाड समजून पुन्हा पुन्हा रिमोट दाबू नये. धोका मुख्यतः आमच्यासारख्या बटणाच्या यंत्रांना आहे, ज्यांत वीज आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये विचार करणारे काहीच नसते.

काम झाल्यावर मी मुद्दाम मेन स्विच बंद करून दहा सेकंदांनी चालू केला. पंखा लगेच फिरू लागला. क्लॅम्प मीटरवर कॉम्प्रेसरच्या वायरीत शून्यच होते. मी घड्याळ धरले, बाबाही माझ्याशेजारी उभे राहून मोजत होते. १८० सेकंदांच्या पुढे दोन-तीन सेकंद झाले आणि रिलेची बारीक टक ऐकू आली, आकडा उसळला आणि ७.९ वर थांबला. दिवा मंद झाला नाही.