त्यांचेही आभार

सोमवारी दुपारी जेवणं आटोपून मी फोन हातात घेऊन बसले ती साडेतीनपर्यंत तशीच. लिहायच्या होत्या चारच ओळी. आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या कमिटीची निवडणूक झाली, मी निवडून आले, आता ग्रुपवर आभार मानायला हवेत. बाकीच्या पाच जणांनी रात्रीच मानून टाकले होते. एकाने तर चौकातल्या फ्लेक्ससारखा हात जोडलेला फोटोच टाकला होता, खाली ‘आपला नम्र’.

पहिला मसुदा झटकन झाला. ‘ज्यांनी मला मत दिले त्यांचे मनःपूर्वक आभार. ज्यांनी दिले नाही त्यांचेही आभार.’

वाचला आणि त्या ‘ही’पाशी अडकले.

हा ‘ही’ मला लहानपणापासून खुपतो. ‘तुम्हीही या हं जेवायला’ असं कुणी म्हणालं की कळतं, आपलं नाव यादीत नव्हतं, समोर दिसलो म्हणून आलं. पंगतीत पुरणपोळी फिरून गेल्यावर ‘अरे, हिलाही वाढा’ म्हणतात, तो हा ‘ही’. ‘त्यांचेही आभार’ म्हटलं की गोड शब्दांत ऐकवल्यासारखं होतं : मला ठाऊक आहे बरं का तुम्ही कोण ते. आणि बहात्तर फ्लॅटमध्ये ते ऐकवायला गर्दी तरी कुठे आहे? संध्याकाळी लिफ्टमध्ये चौघं भेटले की त्यातले दोन ‘तेही’ निघणार.

आमच्याकडे सर्वसाधारण जागा सहा. उभे होतो नऊ जण. महिलांच्या दोन जागांना दोनच अर्ज आले, त्या बिनविरोध. ‘तुम्ही महिला राखीवमधून का नाही भरला, सुटला असता प्रश्न’ असं मला अर्ज छाननीपासून मतदानाच्या सकाळपर्यंत निदान दहा जणांनी विचारलं. त्याचं उत्तर द्यायला वेगळा लेख लागेल. फ्लॅटमागे एक मतपत्रिका, तिच्यावर जास्तीत जास्त सहा नावांपुढे खूण करायची. सहापेक्षा कमी चालतात, जास्त झाल्या की मत बाद. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी हे क्लब हाऊसच्या दारात तीनदा सांगितलं, चौथ्यांदा कागद चिकटवला.

अठ्ठावन्न जणांनी मतदान केलं. दोन मतपत्रिका बाद. उरल्या छप्पन्न, त्यातल्या एकतीसवर माझ्या नावापुढे खूण. सहावा नंबर, म्हणजे शेवटची जागा. सातवे बी विंगमधले काका, त्यांना तीस.

म्हणजे पंचवीस जणांनी मला मत दिलं नाही. पण त्यांनी मला ‘विरोध’ केला का? इथे मी दुपारभर कागदावर आकडेमोड करत बसले. एकाच जागेसाठी दोघं उभे असतील तर दुसऱ्याला दिलेलं मत सरळ माझ्याविरुद्ध जातं. इथे तसं नाही. एखाद्याने सहा चांगली माणसं निवडली आणि मी त्याच्या मनातली सातवी असेन, तर त्याचं माझ्याशी काही वाकडं नाही, रकाना संपला एवढंच. उलट मला मत देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी काकांनाही दिलं असणार. नऊ जणांची मतं मिळवली तर तीनशे एक भरतात, आणि छप्पन्न पत्रिकांवर तीनशे छत्तीस खुणा करता आल्या असत्या. पस्तीस खुणा कुणालाच गेल्या नाहीत. काहींना सहा नावं सापडलीच नसतील. काहींनी मात्र मुद्दाम आपल्या एकाच माणसापुढे खूण करून बाकीचं कोरं ठेवलं असेल. तो जुना डाव आहे, आपल्या माणसाशी बरोबरी करणाऱ्यांना एक मत तरी कशाला वाढवून द्या? हे कोरं ठेवणारे खरे ‘तेही’. पण ते कोण, हे पेटी सांगत नाही, आणि तेच बरं.

बाबांचं आठवलं. आम्ही तेव्हा नाशिकरोडला कॉलनीत राहायचो. बाबांच्या पतपेढीची निवडणूक म्हणजे कॉलनीतला सण. दोन पॅनल, एकाची कपबशी, दुसऱ्याची छत्री. मी तिसरीत होते आणि मला वाटायचं की छत्री निवडून आली तर पावसाळ्यात सगळ्यांना छत्र्या मिळणार. मिळाल्या नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छत्री पॅनलचे एक काका पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. कपाळावरचा गुलाल धुतला होता, पण कानाच्या पाळीमागे राहिला होता. मी त्या गुलालाकडेच बघत होते. ते बाबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “साहेब, तुमच्या मतामुळे झालो. विसरणार नाही.” बाबा म्हणाले, “अहो, त्यात काय,” आणि पेढा घेतला. आईने चहा ठेवला. काका गेले. दार लागल्यावर बाबा कपाकडे बघत म्हणाले, “मी त्याला दिलंच नव्हतं गं.”

आई म्हणाली, “मग पेढा का खाल्लात?”

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तो पेढा त्यांना चांगलाच महागात पडला. दोनेक वर्षांनी त्याच काकांनी मुलीच्या लग्नासाठी पतपेढीचं कर्ज काढलं. दोन जामीनदार लागायचे. एक मिळाला, दुसरा मिळेना. बाबांनी एका शब्दानं न विचारता सही केली. आई आठवडाभर धुसफुसत होती. हप्ते वेळेवर फिटले, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत आमच्याकडे पेढा आला की आई बाबांच्या पुढ्यात वाटी ठेवून नुसतं बघायची.

तेव्हापासून मला एक धास्ती आहे : चुकीच्या माणसाचे आभार मानले तर त्याच्या मानेवर बिनव्याजी कर्ज बसतं. आता मी दारोदार जाऊन ‘तुमच्या मतामुळे झाले’ म्हणायला लागले, तर एकतीस घरं सोडून उरलेल्या घरांत पेढा घशात अडकेल. कुणी सांगावं, उद्या त्यातलाच कुणी पार्किंगच्या भांडणात बिचारा उगाच माझी बाजू घेईल.

मसुदा दुसरा : ‘माझ्या विजयात सर्वांचा वाटा आहे.’ छे. विजय? एकतीस विरुद्ध तीस, तोही सहाव्या जागेसाठी. शिवाय कमिटीत आले म्हणजे अजून कुणीच झाले नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार हे पुढे कमिटी आपल्यातून ठरवणार. मला बहुधा बाग किंवा कबुतरं मिळतील. विजय खोडून ‘निवड’ केलं. ‘सर्वांचा वाटा’ही खोडलं, कारण काकांनी काय वाटा उचलला? हरण्याचा?

मसुदा तिसरा : ‘सर्व मतदारांचे आभार.’ हे जमलं असं वाटेपर्यंत चौथ्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी आठवली. निकालानंतर सगळ्यांत आधी तीच धावत आली होती, “काकू, भारी!” तिला मतच नाही. तीन वर्षं राहते, वर्गणी देते, गणपतीत रांगोळी काढते, पण सभासद तिचा घरमालक. तो पुण्याला असतो आणि मतदानाला आलाच नव्हता. असे न आलेले चौदा. म्हणून ‘मतदारांचे’ काढून ‘रहिवाशांचे’ केलं, तर पुण्याचा घरमालक सुटला. ‘सभासद व रहिवासी’ लिहिलं, ते देखभाल खर्चाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं.

पाच वाजता सगळं तसंच टाकून बी विंगमध्ये गेले. पेढे नेले नाहीत. थोडा चिवडा होता घरात, तो डब्यात भरला. काकांनी दार उघडलं, डबा बघितला, म्हणाले, “या. सांत्वनाला की आभाराला?”

“दोन्ही नाही. पाण्याला.” हे कसं तोंडून गेलं माहीत नाही, पण खरं होतं. गेली दहा वर्षं नळाचं पाणी कमी दाबाने आलं की कुठला व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा, बोअर कधी चालू करायची, टँकर कधी बोलवायचा, हे त्या एका माणसाला ठाऊक. कमिटीत नसले तरी व्हॉल्व्ह तिथेच राहणार.

ते हसले. चहा आला. मग मोजणीचा विषय निघालाच. मोजणीला आम्ही दोघंही समोर बसलो होतो, बाद झालेल्या दोन्ही मतपत्रिका दोघांनीही पाहिल्या होत्या. एकीवर सात खुणा. दुसरीवर नऊच्या नऊ, एकही नाव सोडलेलं नाही, प्रत्येक खूण सावकाश, थरथरत्या हाताने काढलेली. सगळ्यांना बरोबर घेऊन चाललेली सोसायटीतली ती एकमेव मतपत्रिका, आणि नेमकी तीच बाद.

“दोन्हीवर तुम्हीही होतात आणि मीही,” काका म्हणाले. “बाद झाल्या नसत्या तरी फरक एकचाच राहिला असता. मी रात्रीच हिशेब केला.”

“मी दुपारी केला,” मी म्हणाले.

नऊ खुणांची पत्रिका कुणाची, यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. मला तळमजल्यावरच्या आजींचा संशय आहे. मतदान करून बाहेर आल्यावर त्या काठी टेकत म्हणाल्या होत्या, “सगळी आपलीच पोरं, कुणाला नाही म्हणू?” काकांनाही तोच असावा, कारण त्यांनी एकदम विषय बदलून आजींच्या गुडघ्याची चौकशी केली.

निघताना काकांनी मला खाली नेऊन व्हॉल्व्ह दाखवला. पंपाच्या खोलीत उजवीकडचा, लाल रंग उडालेला. “दीड आटा. दोन नाही. दोन फिरवले की सी विंगच्या वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही आणि मग ग्रुपवर बघा.” मी फिरवून बघितला. घट्ट होता. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला तेव्हा हलला.

रात्री ग्रुपवर लिहिलं : ‘कालच्या निवडणुकीसाठी वेळ दिल्याबद्दल आभार. पाण्याची काही अडचण आली तर मला किंवा बी विंगच्या काकांना फोन करावा.’ ‘ही’ नाही, ‘विजय’ नाही, हात जोडलेला फोटो नाही. चौदा अंगठे आले. पंधरावा मेसेज सी विंगमधून : ‘ताई, अभिनंदन. वर पाणी चढत नाहीये.’

मी दोन फिरवले होते वाटतं.