आमची वाटचाल : पिंपल काढायचा, स्किन नाही

सुरवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ, आणि तेव्हा आमचं स्किन रिटचिंग म्हणजे काय तर फोटोशॉपमध्ये गालावर सिलेक्शन मारायचं आणि ब्लर करायचं. छोट्या साईझमध्ये मस्त दिसायचं. मग एका बाईंचा क्लोजअप मोठा प्रिंट केला, त्या बघून म्हणाल्या, अहो हा मेणाचा पुतळा वाटतोय आणि माझा तीळ कुठे गेला? पूर्ण काम पुन्हा केलं.

फोटो तोच, पण या वेळी आधी विचारलं की कायमचं काय आहे. तीळ आणि भुवईजवळचा जुना व्रण ठेवायचा, हनुवटीवरचे तीन पिंपल आणि ओठाच्या कडेचा एक काढायचा. तेव्हापासून आमचा नियमच झाला, दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढायचं, बाकीचं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

हनुवटीचं सोपं होतं. वर रिकामी लेयर घेतली, हीलिंग ब्रशचं सॅम्पल `Current & Below` वर ठेवलं म्हणजे मूळ फोटो तसाच राहतो, आणि ब्रश पिंपलपेक्षा जेमतेम मोठा. हा ब्रश टेक्श्चर सोर्सवरून उचलतो आणि रंग-उजेड मात्र जिथे मारतोय तिथल्या आजूबाजूचा घेतो, म्हणून सोर्स अगदी शेजारचा हवा. भावाने कपाळावरून घेतला होता, रंग बरोब्बर बसला पण हनुवटीची छिद्रं मोठी आणि कपाळाची बारीक, त्यामुळे ठिगळ लगेच दिसलं. आणि तीनही जागी एकच सोर्स वापरला तर तेच छिद्र तीनदा दिसतं, ते वेगळंच.

ओठाजवळच्याने खरा घाम काढला. ब्रश ओठाच्या कडेला टेकला की ओठाचा रंग स्किनमध्ये ओढला जातो, गुलाबी डाग पडतो. शेवटी ओठाच्या कडेने नीट सिलेक्शन केलं, फक्त स्किनची बाजू आत, आणि मग हील केलं, रंग आत आलाच नाही.

फुगवटा गेला तरी भोवतीची लाली उरते, आणि नवीन मुलं तिथेच परत परत हील मारतात, मग टेक्श्चर चुरगळतं. लाली हा फक्त रंगाचा प्रॉब्लेम आहे ना, मग वेगळ्या लेयरवर ब्लेंड मोड `Color`, शेजारच्या स्किनचा रंग उचलायचा, मऊ ब्रश, ओपॅसिटी १०-१५ टक्के, दोन-तीन हलके हात. छिद्रं जशीच्या तशी राहतात.

आता आम्ही पाच जण आहोत. काम १०० टक्के झूमवर तपासतो, २०० वर बसलं की नको ते सगळं पुसावंसं वाटतं (मला अजूनही वाटतं). मग वरची लेयर बंद-चालू करून बघायचं, डोळा एखाद्या जागी अडकला तर तेवढंच पुसून परत. त्या बाईंचा दुसरा प्रिंट गेला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तीळ शोधला.