सलग अप्पर सर्किट आणि ज्या दिवशी शेअर मिळायला लागला तो दिवस

मी ठाण्यात नौपाड्याला एका ब्रोकरच्या फ्रँचायझी ऑफिसमध्ये डीलर आहे, म्हणजे क्लायंट फोन करतो आणि मी टर्मिनलवर ऑर्डर टाकते. टिप द्यायची नाही हा आमच्याकडे कडक नियम आहे, घ्या पण नाही म्हणायचं आणि घेऊ नका पण नाही म्हणायचं, फोन रेकॉर्ड होतात. पण समोर स्क्रीनवर काय दिसतंय ते दाखवायला कुणी अडवत नाही, आणि त्या दिवशी मी नेमकं तेवढंच केलं.

कळव्याचे एक भाऊ आहेत, शाळेच्या दोन बस चालवतात. त्यांचा सकाळी फोन आला, मॅडम चार दिवस झाले ॲपवर बाय ऑर्डर टाकतोय, रोज पेंडिंग राहते आणि साडेतीनला कॅन्सल होते, तुमच्या टर्मिनलवरून टाका ना, तुमची लवकर लागत असेल. म्हटलं भाऊ एक्स्चेंजला सगळे सारखे, आधी भाव आणि मग वेळ बघून नंबर लागतो. तरी सकाळची ट्रिप संपवून ते ऑफिसलाच आले, पावणेबाराला परत शाळेवर पोचायचं होतं. हातात मोबाईल, त्यावर टेलिग्रामचा मेसेज: टार्गेट २००, ऑपरेटर एंट्री कन्फर्म, मोठी ऑर्डर येतेय. बस इन्शुरन्स आणि फिटनेससाठी बाजूला ठेवलेले पावणेतीन लाख त्यांना यात टाकायचे होते.

शेअर फक्त बीएसईला लिस्टेड, ट्रेड टू ट्रेडमध्ये, ५ टक्क्यांचा बँड, म्हणजे एका दिवसात भाव ५ टक्क्यांपेक्षा वर किंवा खाली जाऊ शकत नाही. वरच्या टोकाला अडकला की अप्पर सर्किट, खालच्या टोकाला लोअर. कंपनीचं नाव सांगत नाही. आधी कापडाचा धंदा करायची आणि आता नावात 'टेक' लावलंय, मागच्या क्वार्टरची विक्री म्हणाल तर आमच्या बिल्डिंगखालच्या झेरॉक्सवाल्याची जास्त असेल.

मी डेली चार्ट उघडला. डावीकडे जवळपास वर्षभर काहीच नाही, १५ ते १८ च्या मधे तुरळक ठिपके, मधेच दोन-चार दिवस सौदाच नाही. मग अचानक १८ पासून पायऱ्या सुरू. आणि नीट बघितलं तर या पायऱ्यांना कँडल म्हणावी असं काही नव्हतंच, नुसत्या आडव्या रेघा होत्या, कारण ओपन, हाय, लो, क्लोज चारही भाव एकच. रोज सकाळी ५ टक्के वर उघडायचं आणि दिवसभर तिथेच. २८ सेशन तसंच. रोज ५ टक्के २८ वेळा म्हणजे जवळजवळ चौपट, १८ चा ७०.

भाऊ म्हणाले, बघा किती स्ट्राँग आहे, एक दिवस खाली आला नाही. मी म्हटलं आता खालचे व्हॉल्यूमचे बार बघा. ते दिसतच नव्हते, इतके बुटके. माउस नेऊन आकडे वाचले: १५० शेअर, ४००, ९०, २२०. मग दोघांनी बसून कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. त्या २८ दिवसांत मिळून साधारण ११ हजार शेअर फिरले होते, सरासरी ४० धरला तर साडेचार लाखांच्या आसपास उलाढाल. कंपनीचे एकूण शेअर १ कोटी २० लाख. म्हणजे साडेचार लाखांच्या सौद्यांवर कंपनीची कागदावरची किंमत ६० कोटींनी वाढली. घोडबंदर रोडला एखाद्या सोसायटीत दोन भावांनी आपापसात एक फ्लॅट चौपट भावाने फिरवला आणि मग सगळी बिल्डिंग स्वतःला कोट्यधीश समजायला लागली, तसं झालं हे. आणि जे ११ हजार फिरले ते ह्या खिशातून त्या खिशात नसतील कशावरून, ते बाहेरच्याला दिसत नाही.

भाऊंनी मग मार्केट डेप्थ दाखवली. बाय साइडला ३ लाखांच्या वर शेअर लागलेले आणि सेल साइडला शून्य. एवढी मागणी आहे मॅडम! इथेच बहुतेक लोक फसतात असं माझं मत आहे. अप्पर सर्किटला लागलेली ती रांग खोटी असेलच असं नाही, पण ती लावायला शेअर घ्यावे लागत नाहीत. विकणारेही तेच असतील तर त्यांना माहीत असतं की दिवसभरात दीडशेच शेअर सुटणार आहेत, बाकी ऑर्डर कधीही काढता येते. आणि मेसेज वाचून आलेले भाऊंसारखे लोक त्या रांगेच्या शेपटाला. म्हणजे चार्टवर जो भाव दिसतोय त्या भावाला बाहेरच्या माणसाला शेअर मिळतच नाही, भाऊंना तर चार दिवसांत एकही मिळाला नव्हता. मग मिळणार कधी? ज्यांच्याकडे माल आहे त्यांना विकायचा असेल तेव्हा.

भाऊ थोडे गप्प झाले, पण पटलं असं चेहऱ्यावर नव्हतं. मी बीएसईच्या साइटवर कंपनीच्या अनाउन्समेंट काढल्या. मोठ्या ऑर्डरबद्दल एक ओळ नाही. एक्स्चेंजने भाव का वाढतोय विचारलं होतं, त्यावर उत्तर की आमच्याकडे जाहीर न केलेली कुठलीही माहिती नाही. (हे उत्तर सगळेच देतात, त्याच्यावरून काही ठरत नाही.) पण खाली जुनी एक अनाउन्समेंट होती, वीसेक जणांना मिळून ६० लाख शेअर प्रेफरेन्शियलने दिलेले, १४ रुपयांनी. अशा शेअरना प्रमोटर नसलेल्या लोकांसाठी ट्रेडिंग अप्रूव्हलपासून ६ महिन्यांचा लॉक-इन असतो, म्हणजे तोपर्यंत विकता येत नाहीत, आधी वर्षाचा होता, २०२२ मध्ये कमी केला. अप्रूव्हलची तारीख धरून मोजलं तर लॉक-इन गेल्याच आठवड्यात संपला होता. टेलिग्रामवर मेसेज कधी सुरू झाले, विचारलं. भाऊ म्हणाले, आठ-दहा दिवस झाले.

आणि हे चाललेलं असतानाच, पावणेअकराच्या सुमारास, डेप्थमधला बायचा आकडा हलायला लागला. ३ लाखाचे २ लाख १०, मग ८० हजार, व्हॉल्यूमचा आकडा धडाधडा पळतोय, आणि ७३.५० चं सर्किट उघडलं. सेल साइडला पाचही लेव्हल भरल्या. भाऊ खुर्चीतून उठलेच. मॅडम मिळतोय, आता मिळतोय, मारा!

म्हटलं भाऊ, २८ दिवस कुणी विकायला तयार नव्हतं आणि आज दहा मिनिटांत २ लाख शेअर कुठून आले, एवढंच मला सांगा, मग मारते. त्यात ट्रेड टू ट्रेड म्हणजे घेतलं की डिलिव्हरी घ्यायचीच, आज घेऊन आज विकता येत नाही. शेअर उद्या संध्याकाळपर्यंत डीमॅटला येणार, म्हणजे विकायला परवाचा दिवस उजाडणार. तोपर्यंत दोन लोअर सर्किट लागली तर तुम्ही नुसतं बघत बसणार.

ते घड्याळ बघत होते, ट्रिपची वेळ झाली होती. शेवटी म्हणाले १०० घ्या, नशीब तरी बघू. ७३ च्या भावाने कन्फर्म करून घेतलं आणि टाकलं. एका सेकंदात ऑर्डर लागली. चार दिवस न लागलेली ऑर्डर! जिने उतरताना ते स्वतःच म्हणाले, अहो एवढ्या लगेच कशी लागली.

दुपारी डब्याच्या वेळी हे सगळं मी आमच्या ऑफिसातल्या बॅक ऑफिसच्या पोराला सांगत होते, तर त्याने मोबाईलवर एक क्रिप्टो टोकन दाखवलं, आठ तासांत दीडपट. तिथे सर्किट नसतं त्यामुळे महिनाभराच्या पायऱ्या एका दुपारीत उरकतात, पण आकडेमोड तीच. त्याच्या टोकनच्या पूलमध्ये, म्हणजे ज्या साठ्यातून खरेदी-विक्री होते त्यात, सुरुवातीला साधारण २० हजार डॉलर आणि २ कोटी टोकन होते. असे पूल दोन्ही आकड्यांचा गुणाकार कायम ठेवून भाव ठरवतात. कुणीतरी ५ हजार डॉलर टाकले की पूलमध्ये २५ हजार डॉलर आणि १ कोटी ६० लाख टोकन उरतात, भाव ५६ टक्के वर. एकूण टोकन १०० कोटी, त्यामुळे स्क्रीनवर मार्केट कॅप १० लाखांवरून साडेपंधरा लाख डॉलर दिसायला लागतं. पण सगळ्यांनी मिळून विकायला गेलं तरी पूलमध्ये आहेत फक्त २५ हजार. मी त्याला म्हटलं मार्केट कॅप सोड, पूलमधली लिक्विडिटी किती आणि ती कोण काढून घेऊ शकतं ते बघ. त्याने बघितलं, लॉक नव्हती. जेवण संपायच्या आत विकून मोकळा झाला.

एक सांगायला हवं, सलग अप्पर सर्किट म्हणजे दरवेळी लबाडीच असं नाही. ओपन ऑफर येते, मर्जर होतं, खरंच ऑर्डर मिळते, तेव्हाही असंच दिसू शकतं. फरक असा की तिथे आधी एक्स्चेंजवर बातमी येते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हॉल्यूम नेहमीच्या कित्येक पट होतं, कारण जुने होल्डर थोडं थोडं विकतात. ट्रेड टू ट्रेडमध्ये डिलिव्हरी टक्का मात्र बघून उपयोग नाही, तिथे सगळंच डिलिव्हरी असतं. आणि चार्टवरून पायऱ्या ओळखता येतात पण शेवटची पायरी कुठली ते नाही सांगता येत, त्या दिवशी सकाळी नऊला मला पण सांगता आलं नसतं.

साडेतीनला बंद झाला तेव्हा ६६.५०, लोअर सर्किट, दिवसाचं व्हॉल्यूम ९ लाख. संध्याकाळी बल्क डीलची यादी बघितली. कंपनीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त शेअरचा सौदा एका क्लायंटने केला तर नाव त्याच दिवशी जाहीर होतं, इथे ६० हजारांच्या वर. विकणाऱ्यांत दोन नावं होती आणि दोन्ही त्या १४ रुपयांच्या अलॉटमेंटच्या यादीत सापडली. घेणाऱ्यांत एकही मोठं नाव नाही, म्हणजे तो सगळा माल शे-दोनशे करत भाऊंसारख्यांकडे गेला.

रात्री भाऊंचा फोन, मग सेबी काय करते मॅडम? म्हटलं करते, पण नंतर. साधना ब्रॉडकास्ट नावाच्या शेअरच्या केसमध्ये युट्यूबवरचे खोटे व्हिडिओ जुलै २०२२ चे, सेबीची पहिली ऑर्डर मार्च २०२३ ची. तोपर्यंत छोटे शेअरहोल्डर २,१६७ वरून ५५,३४३ झाले होते.

पुढे पायऱ्या उलट्या दिशेने, तशाच आडव्या रेघा. ६३, ६०, ५७. आता सेल साइडला लाखोंची रांग आणि बाय शून्य, भाऊंचे १०० शेअर रोज सकाळी रांगेत आणि साडेतीनला परत. एका दुपारी ३८ ला अचानक सर्किट उघडलं आणि ऑर्डर लागली, साडेतीन हजारांच्या आसपास तोटा आणि वर चार्जेस. त्या दिवशी घेणारे कोण होते ते भाऊंनीच ग्रुप उघडून दाखवलं, सकाळीच मेसेज पडला होता की ७३ चा शेअर ३८ ला मिळतोय, डिपमध्ये उचला.